तिमाही विक्रीचं पहिलं प्रेझेंटेशन: दहा मिनिटं कशी मांडायची

पहिल्यांदा विक्रीचे आकडे मांडायला उभं राहणारे बहुतेक जण पहिल्या महिन्यापासून सुरुवात करतात. जुलै कसा गेला, मग ऑगस्ट, मग सप्टेंबर. जिल्हावार तक्ते येतात, उत्पादनवार तक्ते येतात. सप्टेंबरमध्ये विक्री पडली हे सांगायची वेळ येते तेव्हा आठ मिनिटं उलटलेली असतात. समोर बसलेल्या साहेबांनी मात्र तो आकडा पहिल्याच मिनिटाला पाहिलेला असतो आणि तेव्हापासून ते एकाच गोष्टीची वाट बघत असतात: हा का पडला, हे कधी सांगणार? मग ते मध्येच थांबवून विचारतात. बोलणारा गडबडतो, पुढचं सगळं विसरतो आणि नंतर म्हणतो की मला स्टेजची भीती वाटते. मी सेल्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि अशी बरीच प्रेझेंटेशनं पाहिली आहेत. त्यातल्या निम्म्याअधिक ठिकाणी घोळ भीतीचा नव्हता, क्रमाचा होता. म्हणून इथे मी क्रमाबद्दलच जास्त बोलणार आहे.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा तुम्ही एका फरसाण कंपनीत एरिया सेल्स ऑफिसर आहात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर हे तुमचे जिल्हे. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीचा निकाल तुम्हाला ८ ऑक्टोबरला मांडायचा आहे. कंपनी आणि तिचे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत. सणांच्या आणि जीएसटीच्या तारखा खऱ्या आहेत.

टार्गेट होतं २ कोटी ४० लाखांचं. विक्री झाली २ कोटी १६ लाख. गेल्या वर्षी याच तिमाहीत २ कोटी होती. म्हणजे टार्गेटच्या ९० टक्के आणि गेल्या वर्षापेक्षा ८ टक्के जास्त. तूट २४ लाखांची.

आधी आकडा पक्का करा

स्लाइड उघडण्याआधी हे काम. तुमच्या एक्सेलमधला आकडा आणि अकाउंट्सकडचा आकडा एकच आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. फरक बहुधा तीन ठिकाणी असतो. ३० सप्टेंबरला ऑर्डर आली पण बिल १ ऑक्टोबरला झालं, असा माल तुम्ही धरलेला असतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट तुम्ही वजा केलेली नसते. आणि तिसरं, तुम्ही बिलाची एकूण रक्कम घेतलेली असते, अकाउंट्सने जीएसटी सोडून घेतलेली असते.

या तिमाहीत तिसरी चूक फार महागात पडू शकते. पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शंभर रुपयांच्या मालाचं बिल आधी ११२ रुपये व्हायचं, आता १०५ होतं. तुम्ही बिलाच्या एकूण रकमा जोडत असाल, तर तेवढाच माल विकूनही शेवटच्या नऊ दिवसांत विक्री घसरल्यासारखी दिसेल. तेव्हा सगळीकडे जीएसटी सोडूनची रक्कम घ्या आणि गेल्या वर्षीचा आकडाही तसाच मागून घ्या.

आकडा जुळला की तो तुमच्या मॅनेजरना एक दिवस आधी सांगा, कारणासकट. टार्गेट हुकल्याची बातमी त्यांना मीटिंगमध्ये सगळ्यांसोबत पहिल्यांदा कळता कामा नये. शिवाय ते काय विचारतात यावरून तुम्हाला उद्याचे निम्मे प्रश्न आजच कळतात.

तूट कुठे पडली ते शोधा

प्रेझेंटेशनचा जीव याच भागात आहे, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. २४ लाखांची तूट तिमाहीभर सारखी पसरलेली नसते. ती कुठल्या महिन्यात, कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या टप्प्यावर पडली, हे सापडेपर्यंत आकडे फोडत जायचं.

महिन्याने फोडू. जुलैचं टार्गेट ७२ लाख, विक्री ७२. ऑगस्टचं टार्गेट ८०, विक्री ८४. सप्टेंबरचं टार्गेट ८८, विक्री ६०. लगेच दिसतं की जुलै-ऑगस्टबद्दल फार बोलायची गरज नाही. सगळा प्रश्न सप्टेंबरचा आहे आणि तो २८ लाखांचा आहे. ऑगस्टने त्यातले ४ भरून काढले, म्हणून तिमाहीची तूट २४ वर थांबली.

आता हे ४ लाख बघा. नवखा माणूस इथे म्हणतो, ऑगस्टमध्ये आम्ही टार्गेटच्या पुढे गेलो. पण २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. गणपतीचा माल गेल्या वर्षी थोडा सप्टेंबरमध्येही उचलला गेला होता, यंदा तो सगळा ऑगस्टमध्येच गेला. टार्गेट मात्र गेल्या वर्षीच्या महिन्यांवर बेतलेलं होतं. तेव्हा हे ४ लाख ऑगस्टची कमाई नव्हेत. सप्टेंबरचा माल आधी निघाला एवढंच. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्यावर समोरच्यांचा विश्वास बसतो. लपवलंत आणि कुणी दाखवून दिलं, तर खरा आकडाही संशयात जातो.

मग जिल्ह्याने फोडा. सोलापूरच्या वितरकाने ३१ ऑगस्टला काम सोडलं. सप्टेंबरचं सोलापूरचं टार्गेट १२ लाखांचं होतं, बिलिंग शून्य. तर १२ लाख इथे गेले.

राहिले १६ लाख. त्यातले ४ गणपतीमुळे आधीच ऑगस्टमध्ये आलेले. उरले १२. यासाठी आणखी एक पायरी खाली उतरावं लागतं, आणि पहिल्यांदा बोलणारे नेमके इथेच थांबतात. कंपनी वितरकाला माल देते ती प्रायमरी विक्री, वितरक दुकानदाराला देतो ती सेकंडरी. तुमचं टार्गेट प्रायमरीवर असतं, पण लोक फरसाण खातात की नाही हे सेकंडरीवरून कळतं. सोलापूर वगळून बाकीच्या वितरकांकडे ३१ ऑगस्टला ५८ लाखांचा माल पडून होता, ३० सप्टेंबरला ४६ लाखांचा. आपण सप्टेंबरमध्ये त्यांना ६० लाखांचा माल दिला, त्यांनी दुकानांना ७२ लाखांचा दिला. मधले १२ लाख त्यांनी गोदाम रिकामं करून भागवले.

का? जीएसटी कमी होणार हे ३ सप्टेंबरला जाहीर झालं आणि नवे दर २२ तारखेपासून लागू व्हायचे होते. मधल्या दिवसांत जुन्या किमतीचा माल अंगावर पडू नये म्हणून वितरकांनी हात आखडता घेतला आणि आहे तोच माल फिरवला.

म्हणजे २४ लाखांची सगळी तूट दोन वाक्यांत मावते. १२ लाख पुढे ढकलले गेले, कारण वितरकांनी साठा कमी केला. १२ लाख गेले, कारण सोलापुरात महिनाभर वितरक नव्हता. पहिल्या बाराबद्दल काळजी नको, दुसऱ्या बाराबद्दल आज निर्णय हवा. तुमचं दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन एवढंच आहे.

एक सावधगिरी. ‘माल पुढे ढकलला’ हे कारण प्रत्येक तिमाहीला कुणी ना कुणी देतं, त्यामुळे ते सिद्ध करावं लागतं. दोन पुरावे पुरतात: वितरकांकडचा महिनाअखेरचा स्टॉक आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं बिलिंग. साठा खरंच रिकामा झाला असेल तर १ ते ७ ऑक्टोबरला मालाची उचल जोरात असायला हवी. आपल्या उदाहरणात ती ३४ लाखांची आहे असं धरू. ती ढिली असती, तर तुमचं कारण चुकलेलं आहे आणि सेकंडरीच पडली आहे असं समजून पुन्हा शोध घ्यावा लागला असता. आणखी एक: दोन्ही तारखांचा स्टॉक एकाच दराने मोजलेला असू द्या, नाहीतर किंमत बदलल्याचा फरक तुम्ही साठा बदलल्याचा म्हणून सांगाल.

दहा मिनिटांची आखणी

दहा मिनिटं मिळाली असली तरी बोलणं आठ मिनिटांचंच तयार करा. दोन मिनिटं मधल्या प्रश्नांची. सावकाश, आकडे नीट उच्चारत बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांपलीकडे जाता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणजे सगळं मिळून आठ-साडेआठशे शब्द. स्लाइड चार.

पहिलं मिनिट निकालाचं आणि मागणीचं. स्लाइडवर तीनच आकडे: टार्गेट, विक्री, गेल्या वर्षीची विक्री. तोंडाने असं काहीसं:

“नमस्कार. जुलै ते सप्टेंबर आपण २ कोटी १६ लाखांची विक्री केली. टार्गेटपेक्षा २४ लाख कमी, गेल्या वर्षापेक्षा १६ लाख जास्त. या २४ लाखांतले १२ लाख ऑक्टोबरमध्ये परत येत आहेत. उरलेले १२ सोलापूरचे आहेत, आणि त्यासाठी मला आज एका गोष्टीला मंजुरी हवी आहे.”

कंपनीची ओळख, टीमची ओळख, आजचे विषय वगैरे काही नको. खोलीतल्या सगळ्यांना कंपनी माहीत आहे.

दुसरं मिनिट महिन्यांचं. स्लाइडवर एकच आलेख: तीन महिने, प्रत्येकाला दोन खांब, टार्गेट आणि विक्री. आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करा. एक्सेल कधी कधी स्वतःहून मधूनच सुरू करतं आणि मग छोटी घट दरीसारखी दिसते. आकडे लाखांत लिहा. मूळ रकाना रुपयांत असेल तर शेजारी हे सूत्र टाका आणि आलेख त्यावरून काढा:

```
=B2/100000
```

स्लाइडचं शीर्षक ‘महिनावार विक्री’ असं ठेवू नका. ‘तूट एकट्या सप्टेंबरची आहे’ असं पूर्ण वाक्य लिहा. तुम्ही घाबरून अडखळलात तरी शीर्षक तुमचं म्हणणं सांगत राहतं आणि तुम्हालाही ते वाचून पुन्हा धागा पकडता येतो. या मिनिटातच गणपतीचे ४ लाख सांगून टाका.

तिसऱ्या ते पाचव्या मिनिटापर्यंत कारणं. आधी साठ्याचे १२ लाख: ५८ वरून ४६, जीएसटीच्या दोन तारखा, ऑक्टोबरचे ३४ लाख. मग थोडं थांबा, श्वास घ्या आणि सोलापूरकडे वळा. वितरक कधी गेला, का गेला, त्या महिन्यात तुम्ही काय केलं. सोलापूरचं सांगताना आवाज आपोआप बारीक होतो, कारण त्यात आपली चूक दिसेल अशी धास्ती असते. चूक असेल तर सरळ म्हणा: “त्यांनी नोटीस जुलैअखेरीस दिली होती. मी शोध ऑगस्टच्या मध्यावर सुरू केला. पंधरा दिवस आधी करायला हवा होता.” एवढं बोलून पुढे चला. त्यावर दोन मिनिटं सफाई देत बसलात, तर चर्चा त्याच पंधरा दिवसांवर अडकेल.

सहावं आणि सातवं मिनिट पुढच्या तिमाहीचं, आणि तेही फक्त जे ठरवायचं आहे तेवढंच. सोलापुरात नवा वितरक तयार आहे. पहिली ऑर्डर ६ लाखांची देतो, पण आपल्या नेहमीच्या ७ दिवसांऐवजी पहिल्या बिलाला २१ दिवसांची उधारी मागतो. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. माल पोचायला तीन दिवस आणि दुकानांत लागायला आठवडा धरला, तर आज हो म्हटलं तरच दिवाळी सापडते. पैसे अडकण्याची शक्यताही तुम्हीच सांगा: ६ लाख, २१ दिवस, त्याबदल्यात आगाऊ तारखेचा चेक घेतलेला आहे.

आठव्या मिनिटाला एकच वाक्य: “सोलापूरच्या पहिल्या बिलाला २१ दिवसांची उधारी द्यायला आज मंजुरी द्यावी, ही विनंती.” त्यापुढे बोलू नका. मागणी केल्यावर गप्प राहणं अवघड जातं आणि माणूस उगाच पुन्हा कारणं सांगू लागतो. त्या शांततेत समोरचे विचार करत असतात, त्यांना करू द्या.

जिल्हावार, उत्पादनवार तक्ते फेकून देऊ नका. चौथ्या स्लाइडच्या मागे ठेवा, दाखवायचे नाहीत. कुणी सांगलीचं विचारलं तर पॉवरपॉइंटमध्ये त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून `Enter` दाबलं की थेट ती उघडते. हे क्रमांक हातातल्या कागदावर लिहून ठेवा.

भीतीसाठी जे प्रत्यक्ष करता येतं

धडधड सगळ्यात जास्त असते ती पहिल्या मिनिटात. म्हणून वरची सुरुवातीची पाच वाक्यं आणि शेवटचं मागणीचं वाक्य, एवढंच शब्दशः पाठ करा. मधलं पाठ करू नका. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. मधल्या भागासाठी एका कागदावर, मोठ्या अक्षरात, फक्त आकडे लिहा: ७२, ८४, ६०, ५८ ते ४६, ३४, १२. आकडा दिसला की त्यामागची गोष्ट तुम्हाला येतेच, कारण ती तुम्हीच शोधून काढलेली आहे.

हात थरथरत असतील तर सुटा कागद धरू नका, तो हलतो आणि तुमचंच लक्ष तिकडे जातं. पुठ्ठ्यावर किंवा वहीवर चिकटवा.

आकडे मोठ्याने म्हणायची वेगळी तालीम करा. ‘२,१६,००,०००’ डोळ्यांना ठीक दिसतं, पण घाबरलेलं तोंड तिथे अडतं आणि ‘दोन लाख सोळा हजार’ म्हणून बसतं. स्लाइडवरही ‘२.१६ कोटी’ असं लिहा. टक्के आणि लाख एकाच वाक्यात कोंबू नका. एक सांगा, क्षणभर थांबा, मग दुसरा.

तालीम तीनदा, उभं राहून, मोबाइलवर वेळ लावून. पहिल्यांदा बारा-तेरा मिनिटं लागतील. तेव्हा वेग वाढवायचा नाही, मजकूर कापायचा. कापायची जागा म्हणजे महिन्यांचा भाग आणि जीएसटीचं स्पष्टीकरण. सोलापूर आणि मागणी कधीच नाही. दुसरी तालीम अशा कुणासमोर करा ज्यांना तुमचं काम माहीत नाही, घरातलं कुणीही चालेल. संपल्यावर एकच विचारा: मी काय मागितलं? त्यांना ते सांगता आलं नाही, तर बांधणीत अजून गोंधळ आहे.

तिसऱ्या तालमीत फक्त चार मिनिटांत सांगून बघा. हे फार उपयोगी पडतं, कारण आधीची मीटिंग लांबते आणि ऐनवेळी “जरा पटकन घ्या” असं ऐकू येतं. तेव्हा पहिली स्लाइड, मग थेट सोलापूर, मग मागणी. साठ्याचं एका वाक्यात.

मध्येच थांबवलं तर

पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी विचारेलच, “सोलापूरचं काय झालं?” तुमचा क्रम मोडला म्हणून घाबरू नका आणि “ते पुढे येणार आहे, सर” असं म्हणून प्रश्न टाळूही नका. एका वाक्यात उत्तर द्या: “वितरक ऑगस्टअखेर गेला, नवा तयार आहे, दोन मिनिटांत तपशील देतो.” मग पुढे चला. चर्चा लांबली आणि सगळे पडद्याकडे बघतच राहिले, तर `B` दाबा. पडदा काळा होतो आणि लक्ष तुमच्याकडे येतं. परत `B` दाबलं की स्लाइड येते.

तीन प्रश्नांची उत्तरं आधीच तयार हवीत. ऑगस्टमध्ये टार्गेट भरायला वितरकांवर माल लादला का? याचं उत्तर त्यांच्या सेकंडरीत आहे: सप्टेंबरमध्ये ७२ लाखांचा माल दुकानांत गेला, म्हणजे तो अडकला नव्हता. उधारी किती थकली आहे? वितरकवार यादी, तीस दिवसांपलीकडची रक्कम वेगळी. जुन्या किमतीचा माल अजून किती आहे? हे मीटिंगच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा, कारण हा प्रश्न यंदा नक्की येणार.

एखादा आकडा माहीत नसेल तर अंदाज सांगू नका. सेल्स मीटिंगमधला अंदाज पुढच्या महिन्यात तुमचा शब्द म्हणून परत येतो. “हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, आज पाचपर्यंत मेल करतो,” असं म्हणा आणि सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्या. जागेवर परत गेल्यावर पहिलं काम तेच करा, आणि त्याच मेलमध्ये सोलापूरला काय मंजूर झालं, किती रकमेला आणि किती दिवसांना, हेही एका ओळीत लिहून पाठवा.